पॅनलवर फुल, तरी सव्वादोन तासांत बीप: इन्व्हर्टरचा बॅकअप नेमका कुठे जातो?

ही तक्रार दरवर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिचे शब्दही जवळपास ठरलेले असतात. बॅटरी फार जुनी नाही, पाणी वेळेवर टाकलंय, पॅनलवर फुल दाखवते. थंडीत याच बॅटरीवर अख्खी रात्र निघायची. आता मात्र लाईट गेली की दोन-सव्वादोन तासांत इन्व्हर्टर बीप मारायला लागतो. कुणीतरी सांगतं, आपल्याकडचं ऊन फार, उन्हानं बॅटरी उतरते. मग नवी जोडी येते, आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच रडगाणं.

उन्हाचा मुद्दा आधीच बाजूला काढतो, कारण खरा तपास त्याच्यामुळेच थांबतो. आपल्याकडच्या लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता २७ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापेक्षा गरम बॅटरी त्या दिवशी थोडी जास्तच वीज देते, कमी नाही. जळगाव-भुसावळचं ४४-४५ अंशांचं ऊन बॅटरीचं आयुष्य खातं आणि पाणी लवकर आटवतं, हे खरं आहे. पण आज संध्याकाळचा बॅकअप निम्मा होण्याचं कारण ऊन नाही. उन्हाळ्यात बदलतात त्या दोन गोष्टी: बॅटरीवरचा लोड आणि बॅटरीचं भरणं. पहिलीचा संबंध सी-रेटशी, म्हणजे बॅटरी किती वेगानं उतरवतो त्याच्याशी, आणि दुसरीचा राउंड-ट्रिप एफिशियन्सीशी, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती परत हातात येते त्याच्याशी.

हे दोन तोटे सारखे नाहीत, आणि इलाज चुकतो तो नेमका इथेच. राउंड-ट्रिपमध्ये गेलेली वीज उष्णता होऊन कायमची जाते. सी-रेटमुळे जी मिळत नाही ती मात्र बॅटरीतच राहिलेली असते. आपण घाईनं मागतो म्हणून ती बाहेर येत नाही. पंप ओढतो त्या वेगानं विहिरीचे झरे भरत नसले तर पाणी उपसून मोटर कोरडी पडते, आणि तास-दीड तासानं पाहावं तर विहिरीत पुन्हा पाणी असतं. ट्युब्युलर बॅटरीत हेच घडतं. करंट प्लेटच्या छिद्रांमधलं ॲसिड वापरून तयार होतो आणि बाहेरचं ॲसिड त्या छिद्रांत झिरपायला वेळ लागतो. करंट मोठा असला की आतलं ॲसिड आधी संपतं, व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर हात वर करतो. बाहेर ॲसिड शिल्लक असतंच.

अमळनेर तालुक्यातल्या एका घराचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण दोन्ही तोटे तिथे एकत्र सापडले. घरातल्या आप्पांचं म्हणणं सरळ होतं: “बॅटरी नवी शे, पानी भी भरेल शे, तरी दोन तासमा बसी जास.” १५० अँपिअरअवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्टची सिस्टीम. सिरीजमध्ये व्होल्टेज दुप्पट होतं, अँपिअरअवर १५०च राहतात, हे ध्यानात ठेवा. आप्पांच्या मुलाचा हिशोब असा: २४ गुणिले १५० म्हणजे ३६०० वॅट-अवर, ३.६ युनिट. घरचा लोड ६०० वॅट. म्हणजे सहा तास चालायला हवं. चालतं सव्वादोन तास. मग पावणेचार तास गेले कुठे?

आधी लेबल वाचा

बॅटरीवर `150Ah @ C20` असं छापलेलं होतं. याचा अर्थ, ही बॅटरी वीस तासांत सावकाश उतरवली, म्हणजे फक्त साडेसात अँपिअरनं, तरच तिच्यातून १५० अँपिअरअवर निघतील. हाच सी20 रेट. सोलरसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बहुधा सी10 लिहिलेलं असतं, म्हणजे दहा तासांचा हिशोब. त्यामुळे सी10 ची १५० आणि सी20 ची १५० या दोन बॅटऱ्या सारख्या नाहीत. पहिलीत प्रत्यक्षात जास्त माल असतो. घेताना किंमत कमी दिसली तर आधी हा आकडा पाहा. दुकानात मोठ्या अक्षरात १५० असतं, सी20 बारीक अक्षरात.

मग खरा करंट मोजा

लोड चालू ठेवून मेन स्विच पाडला आणि बॅटरीच्या केबलला क्लॅम्प मीटर लावला. क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच हवा. बाजारातले स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवतात. कूलर १९० वॅट, दोन जुने पंखे १५०, फ्रिजचा कॉम्प्रेसर १३०, टीव्ही ७०, दिवे ६०, असा लोड ६०० वॅट भरला. केबलवर करंट मात्र साडेएकोणतीस अँपिअरच्या आसपास. ६०० भागिले २४ केलं तर २५ यायला हवेत. वरचे साडेचार इन्व्हर्टर स्वतः खातो, कारण बॅटरीची वीज एसी करताना त्यातली सुमारे १५ टक्के तो गरम होण्यात घालवतो.

आता १५० ची बॅटरी आणि २९ अँपिअरचा करंट म्हणजे साधारण पाच तासांचा रेट. जिला वीस तासांत सावकाश उतरवायचं, तिच्यातून चौपट करंट ओढला जातोय. अशा वेळी किती मिळेल याचा अंदाज देणारं एक सूत्र आहे, जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलेलं:

```
t = H × (C / (I × H))^k
t = 20 × (150 / (29.4 × 20))^1.2 ≈ 3.9
```

यात `H` म्हणजे लेबलवरचे तास, `C` म्हणजे अँपिअरअवर, `I` म्हणजे आपण मोजलेला करंट. `k` हा आकडा लेड-ॲसिडला साधारण १.१ ते १.३ असतो, ठीक अवस्थेतल्या ट्युब्युलरला मी १.२ धरतो. उत्तर आलं पावणेचारच्या थोडं वर, ३.९ तास. २९.४ अँपिअर गुणिले ३.९ तास म्हणजे सुमारे ११४ अँपिअरअवर. १५० पैकी ३६ त्या संध्याकाळी हाताला लागणारच नाहीत.

हाच हिशोब थंडीचा लावा. पंखे-कूलर बंद, टीव्ही, दिवे आणि अधूनमधून चालणारा फ्रिज मिळून २०० वॅट. करंट दहा-साडेदहा अँपिअर. सूत्रानुसार १४० अँपिअरअवर निघतात आणि बॅटरी तेरा तास चालते. थंडीत रात्र निघायची ती यामुळे. बॅटरी तीच आहे, मागण्याचा वेग बदलला.

म्हणजे सहा तासांचे पावणेचार-चार तास सी-रेटनं आणि इन्व्हर्टरनं केले. पण आप्पांना तर सव्वादोनच मिळत होते.

पॅनलवरच्या फुलवर विश्वास ठेवू नका, ग्रॅव्हिटी घ्या

उरलेला दीड तास शोधायला ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, मोजणारा हायड्रोमीटर लागतो. दीड-दोनशे रुपयांची काचेची पिचकारी, पण घरगुती बॅटरीबद्दल तिच्याइतकं खरं दुसरं काही सांगत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, हातात अंगठी-कडं नको. सेलचं बूच काढून ॲसिड ओढलं, फ्लोट तरंगला आणि ॲसिडच्या पातळीवर आकडा वाचला: १.१९५. बाकीचे सेलही असेच, पाच अंकांच्या फरकानं. पॅनलवर त्या क्षणी हिरवा दिवा आणि फुल.

ॲसिड गरम होतं, ४० अंशांच्या आसपास. २७ च्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, म्हणजे १३ अंशांचे ०.००९. दुरुस्त आकडा १.२०४. या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर पूर्ण भरल्याची ग्रॅव्हिटी १.२४० दिलेली होती. म्हणजे ‘फुल’ बॅटरी साधारण ७० टक्केच भरलेली. १५० पैकी ४५ अँपिअरअवर सुरुवातीलाच नाहीत. ११४ मधून ४५ गेले, राहिले ६९. ते २९.४ नं भागा: २.३ तास. सव्वादोन तासांचा हिशोब इथे जुळला.

पॅनल खोटं का बोलतं? साधा इन्व्हर्टर फक्त व्होल्टेज पाहतो. चार्ज होताना बॅटरीचं व्होल्टेज २८ च्या आसपास पोचलं की तो फुल म्हणतो. त्या वेळी बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असते. उरलेलं २० टक्के भरायला करंट हळूहळू कमी होत जातो आणि तेवढ्यालाच तीन-चार तास लागतात.

बॅटरी भरत का नव्हती

राउंड-ट्रिपचा संबंध इथे येतो. लेड-ॲसिडमधून १०० अँपिअरअवर काढले तर ११५ ते १२० परत घालावे लागतात, कारण शेवटच्या टप्प्यात बराच करंट पाण्याचे बुडबुडे काढण्यात जातो. शिवाय काढताना व्होल्टेज सरासरी साडेतेवीसच्या आसपास असतं आणि घालताना साडेसत्तावीस. म्हणजे अँपिअरही जास्त घालायचे आणि तेही जास्त व्होल्टेजनं. या दोन्हींमुळे बॅटरी एकटीच चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त खाते.

आप्पांकडे दुपारी एक कट आणि संध्याकाळी एक, असे दोन मिळून रोज ९५ अँपिअरअवरच्या आसपास निघत होते. परत घालायला हवे होते ११०-११५. क्लॅम्प मीटर चार्जिंगच्या वेळी पाहिला तर करंट साडेसहा अँपिअर. इन्व्हर्टरच्या मागचा चार्जिंगचा स्विच १० वर होता. पण तो जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या पद्धतीचा, आणि दुपारी गावातले सगळे कूलर चालू असताना घरात व्होल्टेज १७५ येत होतं. अशा चार्जरचा करंट मेनचं व्होल्टेज पडलं की तोही पडतो. साडेसहा अँपिअरनं ११३ घालायला सतरा तास, वर शेवटच्या टप्प्याचे तीन-चार. दिवसाचे चोवीस, त्यातले चार तास कटचे. भरणं पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या दिवशीचा कट यायचा. रोज थोडं थोडं कमी पडून बॅटरी ७० टक्क्यांवर येऊन स्थिरावली होती. असंच महिनोन्महिने चालू राहिलं की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग ती खरोखरच बसते. आप्पांची अजून त्या टोकाला गेली नव्हती.

इलाज फार मोठा नव्हता. चार्जिंगचा स्विच १५ अँपिअरवर केला. १५० च्या ट्युब्युलरला दहावा हिस्सा हा योग्य करंट आहे. त्याहून फार जास्त दिलं तर लवकर भरल्यासारखी वाटते, पण करंट बुडबुड्यांतच जातो आणि पाणी आटतं. कमी व्होल्टेजमध्येही आता दहाच्या आसपास मिळू लागले. मग सुट्टीच्या दिवशी दोन्ही कटांच्या वेळी बॅटरीवर फक्त दिवे ठेवायला सांगितले आणि तासातासानं ग्रॅव्हिटी घेतली. तीन वेळा लागोपाठ तोच आकडा आला की बॅटरी भरली समजायची. एवढी उशिरा भरलेली बॅटरी पहिल्यांदा पूर्ण यायला दोन-तीन दिवस लागतात, घाई करू नये.

आत किती गेली, बाहेर किती आली

ज्यांना राउंड-ट्रिप स्वतः मोजायची असेल त्यांनी इन्व्हर्टरच्या पिनला प्लगमधला युनिट मीटर लावावा. पण एक काळजी घ्या: लाईट असताना इन्व्हर्टर घरचा लोडही त्याच पिनमधून देतो, त्यामुळे मोजणी होईपर्यंत आउटपुटचा एमसीबी पाडून ठेवा. नाहीतर पंख्याची वीज बॅटरीच्या खात्यावर पडते.

आप्पांच्या घरी बॅटरी लो-बॅटरी कटपासून पूर्ण भरेपर्यंत भिंतीतून ४.४ युनिट गेले. पूर्ण भरल्यावर त्याच ६०० वॅट लोडवर ती पावणेचार तास चालली, म्हणजे साधारण २.२५ युनिट बाहेर आले. निम्म्याहून किंचित जास्त. वाटणी अशी पडते: चार्जर १५ टक्के खातो, उरलेल्यातून बॅटरी २८ टक्के, आणि त्यातून इन्व्हर्टर पुन्हा १५ टक्के. ०.८५, ०.७२ आणि ०.८५ यांचा गुणाकार केला की ०.५२ येतो. ट्युब्युलर आणि साध्या इन्व्हर्टरला हे नेहमीचंच आहे, बिघाड नाही. ४० टक्क्यांच्या खाली आलं तर मात्र बॅटरी किंवा चार्जर तपासा.

तोटा सी-रेटचा की बॅटरीच खराब, हे कसं ओळखायचं

भरलेल्या बॅटरीवर पूर्ण लोड चालवा. लो-बॅटरीनं ट्रिप झाली की कूलर, फ्रिज, टीव्ही बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. मग एक पंखा आणि एक दिवा लावून पाहा. बॅटरी धडधाकट असेल तर व्होल्टेज वर आलेलं असतं आणि एवढा लोड तासभर तरी सहज निघतो. म्हणजे माल आत होता, मागण्याचा वेग जास्त होता. पंधरा-वीस मिनिटांतच परत बीप आली तर बॅटरी भरलेली नव्हती किंवा कमजोर झालीय. ही चाचणी एकदाच करायची. रोज असं शेवटच्या थेंबापर्यंत उतरवलं तर आयुष्य झपाट्यानं कमी होतं.

याच वेळी दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज लोडवर वेगवेगळं घ्या. एक ११.६ आणि दुसरी १०.२ दाखवत असेल तर दुसरी अडवतेय. इन्व्हर्टर बेरीज पाहतो, २१ व्होल्टला कट करतो, आणि चांगल्या बॅटरीतला माल तसाच राहतो.

केबलकडेही एक नजर टाका. आप्पांच्या एका लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडावर, पांढरी-हिरवी भुकटी जमलेली होती आणि लोडवर लग हाताला गरम लागत होता. बॅटरीच्या पोलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज घेतलं तर अर्ध्या व्होल्टचा फरक. बॅटरी साडेएकवीस देतेय आणि इन्व्हर्टरला एकवीसच दिसतात, म्हणून तो वेळेआधी कट करतो. लहान करंटवर हा फरक जाणवतही नाही, म्हणून थंडीत कुणाला कळत नाही. लोड बंद करून, केबल सोडून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायचं, घासून घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलीन लावायचं. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

बॅकअप वाढवायचा तर पैसा कुठे घालावा

माझं मत स्पष्ट आहे: आधी लोड. दोन जुने पंखे काढून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी लावले तर ९० वॅट कमी होतात, आणि करंट कमी झाल्यामुळे बॅटरी वर आणखी थोडा माल सोडते. फ्रिज कटच्या काळात बंद ठेवला तरी दार उघडलं नाही तर दोन-तीन तास काही बिघडत नाही. एवढं करून आप्पांचा लोड ३८० वॅटवर आला आणि कूलर बंद न करता साडेसहा तासांचा हिशोब बसला.

दुसरी जोडी समांतर लावली तर दुप्पट नाही, जवळपास सव्वादोन पट वेळ मिळतो, कारण प्रत्येक जोडीवरचा करंट निम्मा होतो. पण मग चार्जरही ३० अँपिअरचा लागतो. जुना १५ चाच ठेवला तर चार बॅटऱ्या अर्धपोटी राहतात. जुन्या जोडीला नवी जोडीही लावू नका.

लिथियमचं, म्हणजे एलएफपीचं, गणित वेगळं आहे. तिथे `k` एकाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे पाच तासांत काढा की वीस तासांत, अँपिअरअवर जवळपास तेवढेच मिळतात. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअरअवरची बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत वापरली आणि इन्व्हर्टरचे १२ टक्के वजा केले तरी दोन युनिट हातात येतात. ६०० वॅटच्या लोडवर ती १५० च्या ट्युब्युलर जोडीच्या जवळपास पोचते, आणि भिंतीतून पावणेतीन युनिटच घेते. उन्हाळ्यात रोज चार तास कट असलेल्या घराला ती परवडते. महिन्यातून दोनदा लाईट जाणाऱ्या घराला ट्युब्युलर पुरेशी आहे. लिथियम घेताना इन्व्हर्टरला लिथियम मोड आहे का ते पाहा. आणि ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नका: सेल ५५ अंशांच्या आसपास गेले की बरेच बीएमएस, म्हणजे लिथियम बॅटरीतली रक्षक सर्किटं, चार्जिंगच तोडतात, आणि मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली ते व्हायला फार वेळ लागत नाही.